उतारा वाचण्याआधी कोणते शब्द शिकवायचे आणि कोणते विद्यार्थ्यांवर सोडायचे

मुंबईत अमराठी प्रौढांना मराठी शिकवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हा लेख आहे. वर्ग कुठेही असो, सोसायटीच्या हॉलमध्ये, बँकेच्या शाखेत किंवा वाचनालयात, पहिला प्रश्न एकच येतो. उतारा हातात असतो, त्यात वीसेक शब्द विद्यार्थ्यांना अडतील असे दिसतात आणि वेळ असतो दीड तास. सगळे शब्द आधी फळ्यावर लिहून दिले तर वाचायला काही उरत नाही. एकही दिला नाही तर दुसऱ्या ओळीतच वर्ग अडकतो. मधली वाट शोधायला अंदाजापेक्षा भक्कम असे काही निकष आहेत. ते एकाच उताऱ्यावर शेवटपर्यंत लावून पाहू.

वर्ग असा धरू: बाराजण, बहुतेक हिंदी भाषक, एक-दोन गुजराती आणि एखादी तमिळ भाषक. तीन-चार महिने शिकून झालेत. साधी वाक्ये वाचतात, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी बोलतात. उतारा आहे मुंबईच्या पावसावरचा, बरोबर शंभर शब्दांचा:

मुंबईत पाऊस पडला की सगळ्यांचे लक्ष समुद्राकडे जाते. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. ओहोटीच्या वेळी समुद्राचे पाणी मागे सरकते, त्यामुळे शहरातल्या नाल्यांचे पाणी सहज समुद्रात जाते. पण मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर येते. मग समुद्राचे पाणी उलट शहरात शिरू नये म्हणून तोंडाशी बसवलेले दरवाजे बंद करतात. त्याच वेळी मुसळधार पाऊस पडत असेल, तर पाण्याचा निचरा होत नाही आणि सखल भागांत पाणी तुंबते. उदंचन केंद्रातले मोठे पंप हे पाणी उपसून समुद्रात टाकतात. तरी सगळे पाणी ओसरायला बराच वेळ लागतो. भरती मोठी असेल तर पालिका आधीच इशारा देते. म्हणून पावसाळ्यात घराबाहेर पडण्याआधी लोक भरतीची वेळ पाहतात.

लागणारे साहित्य

उताऱ्याच्या दोन प्रती, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून छापलेल्या. दोन रंगांची पेनं. एखादा मोठा मराठी शब्दकोश, छापील किंवा बृहद्कोशासारखा ऑनलाइन, आणि एक हिंदी शब्दकोश. तो कशाला, ते पुढे येईल. फळा, खडू, पाण्याची अर्धी भरलेली पारदर्शक बाटली. आणि तयारीसाठी साधारण पाऊण तास. पहिल्या दोन-तीन उताऱ्यांना एवढा वेळ लागतोच, नंतर वीस मिनिटांत काम होते.

१. शब्दांच्या आधी प्रश्न लिहा

नवे शिक्षक आधी कठीण शब्दांखाली रेघा मारतात. तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते, कारण शब्द कठीण आहे की सोपा यावरून तो शिकवायचा की नाही हे ठरत नाही. तो शब्द अडला तर उताऱ्याचा गाभा हातातून निसटतो का, यावरून ठरते.

म्हणून आधी ठरवा: वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला काय सांगता आले पाहिजे? दोन प्रश्न पुरेत. आपल्या उताऱ्यासाठी ते असे: ‘तेवढाच पाऊस पडला तरी कधी पाणी लवकर जाते आणि कधी साचते, असे का?’ आणि ‘नाल्याचे दरवाजे कधी बंद करतात आणि कशासाठी?’ आता या प्रश्नांची उत्तरे स्वतः साध्या मराठीत लिहा. त्या उत्तरांतून जे शब्द काढताच येत नाहीत ते गाभ्याचे शब्द. इथे ते भरती, पातळी आणि निचरा हे तीन. ‘उदंचन’ शब्द उत्तरात कुठेच येत नाही, आणि पहिल्यांदा रेघ मात्र त्याच्याचखाली मारली जाते.

२. अनोळखी शब्द मोजा, पण विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी

एका पेनाने विद्यार्थ्यांना माहीत नसतील ते सगळे शब्द अधोरेखित करा. प्रत्येक वेळी, म्हणजे ‘भरती’ चारदा आला तर चारदा. या उताऱ्यात आपल्या वर्गासाठी यादी अशी निघते: भरती चारदा, ओहोटी दोनदा आणि लक्ष, पातळी, शिरू, बसवलेले, निचरा, सखल, तुंबते, उदंचन, उपसून, ओसरायला, इशारा हे एकेकदा. शब्द तेरा, जागा सतरा. म्हणजे शंभरातले त्र्याऐंशी शब्द ओळखीचे.

हे पुरेसे आहे का? इंग्रजी दुसरी भाषा म्हणून वाचणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत दोन आकडे नेहमी सांगितले जातात. बाटिया लॉफर यांनी १९८९मध्ये ९५ टक्के ओळखीचे शब्द हा खालचा उंबरठा धरला. हू आणि पॉल नेशन यांनी २०००मध्ये दाखवले की कोणाच्याही मदतीशिवाय नीट समजायला ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द माहीत असावे लागतात, आणि ८० टक्क्यांवर त्यांच्या वाचकांपैकी कोणालाच कथा पुरेशी समजली नाही. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. त्यामुळे ‘नाल्यांच्या’ हा एक शब्द मोजला तरी त्यात नाला, अनेकवचन आणि संबंध अशा तीन गोष्टी वाचायच्या असतात. शिवाय वर्गात तुम्ही मदतीला असता आणि हिंदी भाषकाला कितीतरी शब्द फुकटात मिळतात. एक ढोबळ मर्यादा मात्र ठेवा: शब्द शिकवायच्या आधीच शंभरात वीसपेक्षा जास्त जागा अनोळखी निघाल्या, तर शब्द निवडत बसू नका, उतारा बदला किंवा सोपा करा. इतक्या अंधारात कोणी अंदाज करू शकत नाही.

मोजताना एक गफलत फार होते. ‘पाऊस’ येतो म्हणून ‘पावसाळ्यात’ येईलच असे धरले जाते. ‘पाणी’ येणारा विद्यार्थी ‘पाण्याचा’ ओळखेल, कारण ते रूप रोज कानावर पडते. पण सामान्यरूपात शब्दाचा चेहरा बदलत असेल तर तपासून घ्या. उलट ‘मुसळधार’ आपल्याला कठीण वाटतो, आणि हिंदी भाषकाला तो ‘मूसलाधार’मुळे लगेच कळतो. त्याच्याखालची रेघ पुसा.

खात्री नसेल तर आदल्या वर्गात वीस शब्दांची चिठ्ठी द्या. त्यात उताऱ्यातले दहा आणि इतर दहा मिसळा, म्हणजे कोणता विषय येतोय हे कळणार नाही. नुसते ‘माहीत / नाही माहीत’ विचारू नका. माहीत असेल तर आपल्या भाषेत अर्थ लिहायला सांगा. पुढच्या पायरीसाठी हेच लागते.

३. ओळखीचे वाटणारे पण फसवणारे शब्द वेगळे काढा

हिंदी आणि मराठीची लिपी एक, शब्दही शेकडो समान, म्हणून अंदाजाचे काम सोपे होते. पण तिथेच खड्डेही आहेत. शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. खाली म्हणजे हिंदीत रिकामे. चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न. संसार म्हणजे हिंदीत जग. अनोळखी शब्दाशी विद्यार्थी थांबतो, विचार करतो. फसव्या शब्दाशी तो थांबतच नाही, कारण आपल्याला कळले असे त्याला वाटते. म्हणून असे शब्द विद्यार्थ्याने विचारण्याची वाट पाहू नका, तो विचारणार नाही. प्रत्येक संशयित शब्द हिंदी शब्दकोशातही पाहा.

आपल्या उताऱ्यात असे तीन आहेत: भरती, लक्ष आणि इशारा. तिघांना सारखी वागणूक द्यायची नाही.

‘लक्ष’ हिंदी भाषकाला ‘लक्ष्य’ वाटेल. सगळ्यांचे ध्येय समुद्राकडे जाते, असे काहीतरी विचित्र तो वाचेल. पण ते पहिले वाक्य केवळ सुरुवात करून देणारे आहे, त्यावर पुढचे काही अवलंबून नाही. ‘इशारा’ म्हणजे हिंदीत खूण, सूचक संकेत. ‘पालिका आधीच संकेत देते’ असे वाचले तरी अर्थ फार ढळत नाही. हे दोन्ही वाचून झाल्यावर घ्या.

‘भरती’ची गोष्ट निराळी. हिंदीत ‘भर्ती’ म्हणजे नोकरीत किंवा इस्पितळात दाखल होणे. मराठीतही पोलीस भरती असतेच, आणि विद्यार्थ्याने तो शब्द जाहिरातीत पाहिलेला असतो. हुशार विद्यार्थी नोकरीचा अर्थ बाजूला ठेवून ‘भरना’कडे जाईल आणि समजेल: पावसाने समुद्र भरतो. आता हा अर्थ घेऊन उतारा पुन्हा वाचून पाहा. पाऊस पडला, समुद्र भरला, पाणी वर आले, दरवाजे बंद केले, शहरात पाणी साचले. सगळे बिनबोभाट जुळते! ‘दिवसातून दोनदा’ हे शब्द खटकायला हवेत, पण ते नजरेखालून निसटतात. चुकलेला अंदाज उताऱ्यात बेमालूम बसला की तो दुरुस्त होत नाही. हा शब्द आधी शिकवायलाच हवा, कारण उताऱ्याचा मुद्दाच हा की समुद्र पावसाने चढत नाही, तो त्याच्या वेळेनेच चढतो आणि पाऊस त्याच वेळी आला तर अडचण होते.

४. नवा शब्द की नवी कल्पना?

‘तुंबणे’ हा शब्द नवा आहे, पण तुंबलेले पाणी सगळ्यांनी पाहिले आहे, कानपूरच्या माणसानेही. त्याला फक्त जुन्या गोष्टीचे मराठी नाव हवे आहे, आणि ते संदर्भातून मिळू शकते. भरती हा नुसता नवा शब्द नाही. समुद्रापासून हजार किलोमीटरवर वाढलेल्या माणसाला समुद्र साधारण सव्वासहा तास चढतो आणि तेवढाच वेळ उतरतो, ही गोष्टच ठाऊक नसते. डिसेंबरात मुंबईत आलेल्याने तर इथला पावसाळाही पाहिलेला नसतो. ज्या कल्पनेची मनात जागाच नाही, तिचा अंदाज उतारा कितीही चांगला असला तरी होत नाही. अशा शब्दाला वेळ द्या, चित्र काढा.

वर्गातला गुजराती भाषक इथे वेगळा पडतो. गुजरातीत ‘भरती’ आणि ‘ओट’ असेच म्हणतात, त्यामुळे भरती त्याला येते आणि ओहोटीही लगेच कळते. तमिळ भाषकाला मात्र ‘सरकते’, ‘सहज’, ‘मुसळधार’ हेही नवे असू शकतात. यादी नुसत्या उताऱ्यावर ठरत नाही, वर्गाप्रमाणेही बदलते. मिश्र वर्गात बहुसंख्यांसाठी निवड करा आणि उरलेल्या एक-दोघांच्या प्रतीवर त्यांच्या शब्दांचे अर्थ समासात लिहून द्या.

५. रिकाम्या जागेची परीक्षा

एखादा शब्द संदर्भातून कळेल की नाही, हे आपल्याला स्वतःला ठरवता येत नाही. अर्थ माहीत असलेल्याला प्रत्येक संदर्भ स्पष्टच वाटतो. म्हणून दुसरी प्रत घ्या, शब्द खोडा आणि तो उतारा न वाचलेल्या मराठी माणसाला, घरातल्या कोणाला तरी, जागा भरायला सांगा. तोच शब्द यायला हवा असे नाही, अर्थ जवळचा हवा. दोघा-तिघांना विचारा. सगळे जवळपास एकाच अर्थावर आले तर संदर्भ बोलका आहे. प्रत्येकाने वेगळेच काही भरले तर तो शब्द सोडून चालणार नाही.

या परीक्षेत एक मोठी खोट आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मराठी माणसाला बाजूचे सगळे शब्द येतात, विद्यार्थ्याला येत नाहीत. म्हणून एकच शब्द खोडू नका. त्या वाक्यातले विद्यार्थ्याला अनोळखी असलेले सगळे शब्द एकदम खोडा. फरक पाहा. नुसता ‘तुंबते’ खोडला तर:

मुसळधार पाऊस पडत असेल, तर पाण्याचा निचरा होत नाही आणि सखल भागांत पाणी ______.

साचते, भरते, थांबते. कोणीही सांगेल. आता विद्यार्थ्याला जसे दिसते तसे:

मुसळधार पाऊस पडत असेल, तर पाण्याचा ______ होत नाही आणि ______ भागांत पाणी ______.

इथे मराठी माणूसही ‘पाण्याचा पुरवठा होत नाही आणि काही भागांत पाणी येत नाही’ असे भरू शकतो. पाणीकपातीची सवय असलेल्या मुंबईकराला हे अगदी नैसर्गिक वाटते. म्हणजे पूर आलेला असताना विद्यार्थी नळ कोरडे पडल्याचे वाचेल!

असे एका वाक्यात दोन-तीन अनोळखी शब्द जमले की त्यांतला एकच शिकवायचा, ज्याच्यामुळे बाकीचे सुटतील. ‘निचरा’ दिला की ‘तुंबते’ आपोआप कळतो: पाणी वाहून जात नाही, मग ते काय करते? ‘सखल’ही अंधूक कळतो, जिथे पाणी साचते असा भाग, आणि या वाचनाला एवढे पुरे. उलटे करून पाहा. ‘तुंबते’ दिला तर ‘निचरा’ कळेलच असे नाही, कारण ‘पाण्याचा अमुक होत नाही’ या साच्यात काहीही बसते. अमूर्त नामाचा अर्थ वाक्यातून हाती लागणे क्रियापदापेक्षा सहसा अवघड जाते. क्रियापदाला कर्ता असतो, कर्म असते, पुढे-मागे घडणाऱ्या गोष्टी असतात.

याच कसोटीवर बाकीचे पाहू. ‘समुद्राचे पाणी उलट शहरात शिरू नये म्हणून दरवाजे बंद करतात’, यात ‘शिरू’ सोपा आहे, पण एका अटीवर. विद्यार्थ्याला ‘नये म्हणून’ यायला हवे. ते येत नसेल तर वाक्याचा अर्थ उलटा होतो आणि दरवाजे शहरात पाणी आणायला बंद होतात. ‘म्हणून’, ‘तरी’, ‘त्यामुळे’, ‘उलट’, ‘नये’ हे छोटे शब्द रेघा मारताना दिसतच नाहीत, पण सगळे अंदाज त्यांच्याच खांद्यावर उभे असतात. ‘असे होऊ नये म्हणून’ ही रचना वर्गात झालेली नसेल, तर एखादा शब्द गाळा आणि तिला पाच मिनिटे द्या. ‘उशीर होऊ नये म्हणून लवकर निघालो’ अशी दोन वाक्ये पुरतात.

‘पंप हे पाणी उपसून समुद्रात टाकतात’ आणि ‘पाणी ओसरायला वेळ लागतो’ हे दोन्ही बोलके आहेत. ‘उदंचन केंद्र’ हे पालिकेने पंपिंग स्टेशनला दिलेले नाव. वाक्यात पंप आहेत, म्हणजे पंपांचे काहीतरी ठिकाण, झाले. ‘बसवलेले’ नाही कळला तरी दरवाजे तोंडाशी आहेत हे कळते.

आता ‘ओहोटी’. भरतीबरोबर ओहोटी शिकवायचा मोह फार होतो, कारण जोडी आहे. आवरा. ‘दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी’ आणि लगेच ‘ओहोटीच्या वेळी समुद्राचे पाणी मागे सरकते’. उताऱ्यानेच व्याख्या दिली आहे. अंदाज करायला शिकण्यासाठी याहून चांगला शब्द या उताऱ्यात नाही. तो आधी सांगितला तर विद्यार्थ्याच्या हातातला सगळ्यात सोपा विजय आपण काढून घेतो.

‘पातळी’ मात्र सोडू नका. ‘समुद्राची पातळी वर येते’, यात ‘लाट वर येते’ही बसते, आणि हिंदी भाषकाच्या मनात ‘पतली’ डोकावते. लाट समजली तर दरवाज्यांचे कारण समजत नाही. लाट येते आणि जाते, पातळी तासन्‌तास वर राहते.

६. अंतिम यादी

आधी शिकवायचे: भरती, पातळी, निचरा. गरज असेल तर ‘नये म्हणून’. या तिघांमुळे सतरापैकी सहा जागा भरतात, म्हणजे ओळखीचे शब्द एकोणनव्वद. दिसायला फार नाहीत, पण उरलेल्या अकरा जागांपैकी बहुतेक आता उजेडात आहेत. तीन ते पाच शब्दांच्या पुढे जाऊ नका. दहा शब्द आधी दिले की वाचायला सुरुवात होईपर्यंत पहिले चार विसरलेले असतात.

वाचताना अंदाज करायचे: ओहोटी, तुंबते, उपसून. एवढेच तीन सांगून द्या. ‘सगळ्या कठीण शब्दांचा अंदाज करा’ म्हटले की कोणीच करत नाही.

वाचून झाल्यावर घ्यायचे: इशारा, लक्ष. सोडून द्यायचे: उदंचन, बसवलेले, सखल. कोणी विचारले तर एका शब्दात उत्तर द्या आणि पुढे चला. शिरू आणि ओसरायला कळलेच तर छान.

७. तीन शब्द दहा मिनिटांत

फळ्यावर डाव्या बाजूला इमारती, उजव्या बाजूला समुद्र, मधे जमिनीखालून समुद्रात उघडणारा नाला काढा. नाल्याच्या टोकाला ‘तोंड’ लिहा. तोंड हा शब्द चेहऱ्याचा भाग म्हणूनच शिकलेला असतो, तेव्हा नाल्याचे तोंड इथेच दाखवून टाका. समुद्राची रेघ नाल्याच्या तोंडाखाली काढा, मग दुसऱ्या रंगाने तोंडाच्या वर. खालून वर बाण काढून म्हणा: ‘समुद्राला भरती आली. पाऊस नाही, तरी भरती आली. रोज येते.’ शेवटची दोन वाक्ये गाळू नका, ‘पावसाने समुद्र भरतो’ हा गैरसमज तिथेच मोडतो. खाली जाणारा बाण काढू नका, ओहोटी विद्यार्थ्यांनीच ओळखायची आहे.

पातळीसाठी बाटली. पाण्याच्या रेषेवर बोट ठेवून ‘ही पाण्याची पातळी’, थोडे पाणी प्यायल्यावर ‘पातळी कमी झाली’. निचऱ्यासाठी कुंडी: ‘कुंडीला खाली भोक असते, म्हणून पाण्याचा निचरा होतो. भोक नसेल तर रोप मरते.’ सुटा शब्द लिहू नका, ‘निचरा होणे’ असा जोडूनच लिहा, कारण उताऱ्यात तो तसाच भेटणार आहे. भरतीखाली ‘भरतीच्या वेळी’ हेही लिहून ठेवा.

पातळी आणि निचरा यांची उदाहरणे उताऱ्याबाहेरचीच घ्या. नाल्याचा निचरा आणि शहरातले पाणी तुम्हीच समजावले तर वाचण्याआधीच पहिल्या प्रश्नाचे उत्तर सांगून झाले.

शेवटी ‘कळले का?’ विचारू नका, हो म्हणतात. ‘गच्चीवर पाणी साचले आहे, निचरा होतोय का?’ असे विचारा. उत्तरावरून लगेच कळते.

८. वाचन आणि अंदाज

पहिल्यांदा चार मिनिटे मुकाट्याने वाचू द्या, शब्दकोश आणि मोबाइल बाजूला ठेवून. मग दोघादोघांना तीन शब्द द्या. त्यांनी प्रत्येक शब्दासाठी क्रमाने हे करायचे: हे नाव आहे की क्रिया, ते शेवटावरून पाहायचे (‘उपसून’मधला ‘ऊन’ आधी काहीतरी केल्याचे सांगतो). कोण करते, कशाला करते ते शोधायचे. मागच्या-पुढच्या वाक्यात ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरी’ आहे का ते पाहायचे. अंदाज स्वतःच्या भाषेत लिहायचा आणि तो शब्दाच्या जागी घालून वाक्य पुन्हा वाचायचे. ही शेवटची पायरी सगळे टाळतात, आणि चूक पकडली जाते ती तिथेच.

अंदाज तपासताना बरोबर-चूक म्हणण्याआधी ‘कशावरून?’ विचारा. ‘उपसून’चा अर्थ कोणी ‘साफ करून’ सांगितला, तर तो वेडावाकडा नाही, वाक्यात बसतो. कशावरून ते सांगता आले तर शाबासकी द्या आणि मग अर्थ नेमका करा: आतले पाणी बाहेर काढून. विहिरीतून पाणी उपसतात, हे एक वाक्य द्या. वर्गातल्या निम्म्यापेक्षा जास्त जोड्यांचा तोच अंदाज चुकला असेल, तर दोष विद्यार्थ्यांचा नाही, निवडीचा आहे. पुढच्या तुकडीसाठी तो शब्द आधीच्या यादीत हलवा आणि प्रतीवर तशी नोंद करून ठेवा.

९. दुसऱ्या दिवशी

एकदा बरोबर अंदाज केला म्हणजे शब्द आला असे नाही. वाक्याचा अर्थ लागला की डोके शब्द सोडून देते. म्हणून कोणते शब्द पुढेही टिकायला हवेत ते वेगळे ठरवा, आणि ती यादी आधीच्या यादीसारखी नसते. भरती वाचनासाठी अत्यावश्यक होता, पण समुद्रापासून दूर राहणाऱ्याला तो वर्षातून चार महिने लागेल. ‘तुंबणे’ मात्र रोजचा: गटार तुंबते, बेसिन तुंबते, पावसात रस्त्यावर पाणी तुंबते, आणि प्लंबरला फोन करताना नेमका हाच शब्द लागतो. ‘इशारा’ हवामानाच्या प्रत्येक बातमीत असतो.

पुढच्या वर्गाच्या सुरुवातीला पाच वाक्यांची चिठ्ठी द्या, उताऱ्याबाहेरची: ‘बेसिनमध्ये पाणी ______, प्लंबरला बोलवा’, ‘हवामान खात्याने मुसळधार पावसाचा ______ दिला’. ‘तुंबते’ न लिहिता ‘तुंबले’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण. ‘इशारा’च्या जागी कोणी ‘निचरा’ लिहिला, तर त्याला वाक्य कळले नाही असे समजू नका. दोन्ही शब्द एकाच उताऱ्यात भेटले आणि शेवट सारखा आहे, म्हणून गल्लत झाली. असे दोन शब्द पुढच्या चिठ्ठीत एकत्र देऊ नका, आठवड्याच्या अंतराने द्या.